ई-मेलच्या तळाशी किती लिहावे?

जुन्या पेढ्यांच्या बिलांवर बेरजेखाली तीन शब्द हमखास आढळत : 'चूकभूल द्यावी घ्यावी'. बेरजेत, वजनात किंवा दरात पुढे चूक निघाली तर ती दुरुस्त करण्याचा दोन्ही पक्षांचा हक्क कायम आहे, एवढाच त्यांचा अर्थ. लिहिणाऱ्या दिवाणजीला तो ठाऊक असे आणि बिल घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही. शिवाय जेथे आकडे असत, तेथेच हे शब्द असत. लग्नपत्रिकेवर किंवा ख्यालीखुशालीच्या पत्रावर ते कोणी लिहीत नसे.

त्याच पेढ्यांच्या आजच्या ई-मेलखाली मात्र निराळेच चित्र दिसते. 'उद्या दुपारी चार वाजता ट्रक येईल' एवढ्या एका ओळीच्या निरोपाखाली बारीक अक्षरांतला दहा-बारा ओळींचा परिच्छेद असतो. हा मजकूर गोपनीय आहे, तो केवळ संबंधितासाठी आहे, त्याची नक्कल करणे बेकायदेशीर ठरू शकते, विषाणूमुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही, असे बरेच काही त्यात असते. हा परिच्छेद बहुधा कोणा मोठ्या कंपनीच्या ई-मेलखालून उचललेला असतो. पेढीत तो कोणी लावला आणि कशासाठी लावला, हे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही.

असल्यास बिघडते काय, असा प्रश्न साहजिक आहे. बिघडते ते दोन प्रकारे. समजा, तळाचा मजकूर दीडशे शब्दांचा आहे आणि एका सौद्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून बारा ई-मेल झाले. तेवढ्या एका संवादात अठराशे शब्द निव्वळ सूचनांचे होतात. त्यांच्या ढिगात 'दर १४२ नव्हे, १४६ धरावा' ही एकच महत्त्वाची ओळ हरवते, आणि वाद झाला की तीच शोधत बसावे लागते. दुसरा तोटा याहून मोठा आहे. प्रत्येक कागदावर 'गोपनीय' असा शिक्का मारला, तर खरोखर गोपनीय कागद कोणता हे त्या शिक्क्यावरून कळेनासे होते.

एकतर्फी सूचनेचे बळ

या सूचनांमागे एक गृहीतक असते. आपण खाली लिहिले, म्हणजे वाचणारा त्याने बांधला गेला. भारतीय करार अधिनियम, १८७२ हे मान्य करीत नाही. करारासाठी एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याची स्वीकृती लागते. समोरच्याने न मागता आलेले पत्र उघडले म्हणून त्यातील अटी त्याने स्वीकारल्या असे होत नाही, आणि नुसते गप्प राहणे ही स्वीकृती नव्हे. 'हा ई-मेल वाचल्यास आपण पुढील अटींना बांधील राहाल' हे वाक्य तर ई-मेल वाचून संपल्यावर नजरेस पडते. तेव्हा त्यातून करार निर्माण होण्याची अपेक्षा व्यर्थ आहे.

याचा अर्थ गोपनीयतेला कायद्याचे संरक्षण नाही, असा मात्र नाही. १९६८ मध्ये इंग्लंडमधील 'कोको विरुद्ध ए. एन. क्लार्क' या मोपेडच्या इंजिनासंबंधीच्या खटल्यात न्यायमूर्ती मेगॅरी यांनी तीन कसोट्या सांगितल्या, आणि भारतातील न्यायालयांनीही त्यांचा आधार घेतला आहे. पहिली कसोटी, माहिती मुळात गोपनीय स्वरूपाची असावी. दुसरी, ती गोपनीय ठेवायची आहे हे घेणाऱ्याला कळेल अशा परिस्थितीत दिली गेलेली असावी. तिसरी, तिचा अनधिकृत वापर झालेला असावा. सूचनेचा उपयोग असलाच तर तो दुसऱ्या कसोटीपुरता आहे. माहिती कोणत्या भावनेने दिली, याचा ती पुरावा होऊ शकते. परंतु तीच ओळ ट्रकच्या वेळेखाली आणि दिवाळीच्या शुभेच्छांखालीही असेल, तर तिच्यावरून कोणतीही विशेष परिस्थिती दिसत नाही. सूचना जितकी सरसकट, तितके तिचे वजन कमी.

एका पेढीची तळसूचना

उदाहरणादाखल सांगलीतील हळदीचा व्यापार करणारी एक एलएलपी घेऊ. तिच्या प्रत्येक ई-मेलखाली सात वाक्ये आहेत. प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारायचे : हे वाचून समोरच्याने नेमके काय करायचे आहे? आणि हे वाक्य काढले तर पेढीचे काय जाईल?

पहिले वाक्य : 'हा ई-मेल व सोबतची कागदपत्रे गोपनीय आहेत.' ही पेढी आठवड्याचे दरपत्रक शंभर व्यापाऱ्यांना पाठवते, त्याखालीही हे वाक्य असते. जे शंभरांना सांगितले ते गोपनीय नव्हे. त्यामुळे सरसकट लावलेले हे वाक्य काढावे आणि गरज असेल त्या पत्रात ते वर, ठळकपणे लिहावे.

दुसरे वाक्य : 'हा ई-मेल चुकून आपल्याकडे आला असल्यास कळवावे व काढून टाकावा.' हे ठेवण्याजोगे आहे. कायद्याचा धाक म्हणून नव्हे, तर सज्जन माणसाला काय करावे हे ते एका ओळीत सांगते म्हणून.

तिसरे : 'याची नक्कल, वितरण वा वापर सक्त मनाई असून बेकायदेशीर ठरू शकतो.' ही नुसती धमकी आहे. कृत्य बेकायदेशीर असेल तर ते या वाक्यावाचूनही आहे, आणि नसेल तर या वाक्याने होत नाही. हे काढावे.

चौथे : 'यातील मते लेखकाची असून संस्थेची असतीलच असे नाही.' विद्यापीठातील प्राध्यापकाच्या पत्राखाली हे शोभेल. पेढीचा भागीदार हळदीचा दर कळवतो तेव्हा तो पेढीच्या वतीनेच बोलत असतो, आणि ग्राहकालाही त्याचे वैयक्तिक मत नको असते. एखाद्याच्या अधिकाराला मर्यादा घालायची असेल तर ती नित्याच्या ग्राहकांना स्वतंत्र पत्राने कळवावी. एलएलपी कायद्याच्या २७ व्या कलमानुसार अधिकार नसलेल्या भागीदाराच्या कृत्यातून एलएलपीला सुटायचे असेल, तर त्याला अधिकार नाही हे समोरच्याला माहीत होते का, हा प्रश्न कळीचा ठरतो. तळाच्या संदिग्ध वाक्याने ही माहिती दिली असे म्हणता येणे कठीण.

पाचवे : 'विषाणूंमुळे होणाऱ्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.' जोडलेली फाइल आधी उघडली जाते आणि हे वाक्य नंतर दिसते, दिसले तर. पेढीने आपले संगणक नीट राखावेत आणि हे वाक्य काढावे.

सहावे : 'अधिकृत व्यक्तीच्या स्वाक्षरीवाचून या ई-मेलमुळे कोणताही करार होत नाही.' हे वाक्य महत्त्वाचे आहे, पण त्याची जागा चुकली आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

सातवे : 'छपाईपूर्वी पर्यावरणाचा विचार करा.' भावना चांगली. परंतु तळसूचना दोन पानांवर गेल्यामुळेच एक पान जास्त छापले जाते, हेही लक्षात घ्यावे.

सातांपैकी एक वाक्य जागेवर राहिले. मात्र या तपासणीत निराळीच गोष्ट उघड होते. कायद्याने जे लिहायला हवे, तेच या सात वाक्यांत नाही. एलएलपी कायदा, २००८ च्या २१ व्या कलमानुसार एलएलपीच्या बिलांवर आणि अधिकृत पत्रव्यवहारावर तिचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि ती मर्यादित दायित्वासह नोंदणीकृत असल्याचे विधान असावे लागते. कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या १२ व्या कलमानुसार व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, दूरध्वनी आणि ई-मेल, तसेच संकेतस्थळ असल्यास त्याचा पत्ता द्यावा लागतो. आजचा व्यावसायिक पत्रव्यवहार ई-मेलनेच होतो, हे पाहता हा तपशील तेथे असणे शहाणपणाचे. तेव्हा या पेढीची नवी तळसूचना अशी होईल :

*(पेढीचे नाव) एलएलपी, मर्यादित दायित्वासह नोंदणीकृत*
*नोंदणीकृत कार्यालय : … एलएलपी क्रमांक : … दूरध्वनी : …*
*हा ई-मेल चुकून आपल्याकडे आला असल्यास कृपया उत्तरी कळवावे व तो काढून टाकावा.*

तीन ओळींत काम झाले. उत्तरादाखलच्या ई-मेलमध्ये तर केवळ नाव आणि दूरध्वनीही पुरेसा आहे, कारण संपूर्ण तपशील त्याच संवादातील पहिल्या पत्रात असतो. जीमेलमध्ये ही सोय Settings, See all settings, General, Signature या क्रमाने मिळते. तेथे नव्या पत्रासाठी एक आणि उत्तरासाठी दुसरी सही निवडता येते. आउटलुकमध्येही अशीच विभागणी आहे.

'करार होत नाही' हे कोठे लिहावे?

आता त्या सहाव्या वाक्याकडे वळू. ई-मेलने करार होतो का, ही शंका आता उरलेली नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या १०अ कलमानुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये निकाली काढलेले ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदान्त अॅल्युमिनियम यांचे प्रकरण व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये एका बाजूने बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव ई-मेलने पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या बाजूने पाच जहाजांच्या मालाला ई-मेलनेच होकार दिला. रीतसर करारपत्राचे मसुदे इकडून तिकडे गेले, पण त्यावर सह्या झाल्या नाहीत. पुढे वाद झाला, तेव्हा करारच झाला नव्हता असे सांगण्यात आले. न्यायालयाने ते मानले नाही. महत्त्वाच्या अटी ठरून होकार गेला असेल, तर औपचारिक करारपत्र व्हायचे राहिले म्हणून झालेला सौदा रद्द ठरत नाही, असा त्याचा सारांश.

यातून कोणी म्हणेल, मग 'करार होत नाही' हे वाक्य प्रत्येक ई-मेलखाली हवेच. येथेच गफलत होते. सांगलीच्या त्याच पेढीने कोचीच्या खरेदीदाराला लिहिले, 'आपली २० टनांची ऑर्डर मान्य, दर ठरल्याप्रमाणे'. आणि खाली तळसूचना म्हणते, या ई-मेलने करार होत नाही. भाव उतरले तर खरेदीदार हेच वाक्य दाखवून म्हणेल, 'सौदा कधी झालाच नव्हता'. पेढीने स्वतःच्या रक्षणासाठी लावलेले वाक्य तिच्याच विरुद्ध उभे राहील. उलट, वर स्पष्ट होकार आणि खाली छापील नकार असेल तर न्यायालय वरच्या शब्दांना आणि प्रत्यक्ष वर्तनालाच महत्त्व देण्याची शक्यता अधिक. म्हणजे हवे तेव्हाही त्या वाक्याचा भरवसा नाही.

उपाय सोपा आहे. ही अट फक्त दर कळवणाऱ्या पत्रात आणि दराच्या अगदी शेजारी लिहावी : 'हा दर शनिवार संध्याकाळपर्यंत. सौदा आमच्या लेखी ऑर्डर-स्वीकृतीनंतरच पक्का समजावा.' करार कायद्यानुसार प्रस्तावात ठरवून दिलेली मुदत संपली की तो संपतो, आणि स्वीकृती येण्यापूर्वी तो मागेही घेता येतो. त्यामुळे या दोन वाक्यांना खरा आधार आहे. ऑर्डर-स्वीकृतीच्या पत्रात मात्र हे वाक्य मुळीच नसावे.

'हक्कांना बाध न येता'

काही तळसूचनांत 'विदाउट प्रेज्युडिस' हे शब्दही चिकटलेले आढळतात. त्यांना स्वतःचे असे ठरलेले काम आहे. आधीच वाद उभा आहे आणि तडजोडीसाठी एखादी रक्कम सोडण्याची तयारी कळवायची आहे, अशा पत्राच्या अगदी वर ते लिहितात. जुन्या पुराव्याच्या कायद्याचे २३ वे कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये २१ वे झाले आहे. पुरावा म्हणून वापरायचे नाही अशा अटीवर दिवाणी वादात दिलेली कबुली त्यानुसार विचारात घेतली जात नाही.

हे शब्द सरसकट लावण्यातला धोका यातूनच दिसतो. थकबाकीची मागणी करणारे पत्र पेढीला पुढे पुरावा म्हणून दाखवायचे असते. त्याच पत्राखाली 'हे पुराव्यात वापरू नये' अशा अर्थाचे शब्द आपल्याच हाताने लावणे म्हणजे वसुलीच्या वाटेत आपणच दगड ठेवणे होय. मागणीपत्र वेगळे आणि तडजोडीचे पत्र वेगळे असावे. दोन्ही गोष्टी एकाच ई-मेलमध्ये आल्या की कोणता भाग कोणत्या अटीवर लिहिला, यावरच नवा वाद सुरू होतो.

असाच गैरसमज 'प्रिव्हिलेज्ड' या शब्दाबाबत आहे. वकिलाशी झालेल्या व्यावसायिक संवादाला कायद्याचे विशेष संरक्षण आहे, पण ते वकील व अशील या नात्यातून येते, खालच्या शब्दातून नव्हे. सनदी लेखापालाला पाठवलेल्या ई-मेलवर तो शब्द लिहिला तरी वकिलासारखे ते संरक्षण मिळत नाही. लेखापालावर त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनुसार गोपनीयतेचे बंधन असते, ही गोष्ट वेगळी. नाजूक वादाचा सल्ला हवा असेल तेव्हा पत्र कोणाला लिहावे, हे ठरवताना हा फरक ध्यानात असू द्यावा.

चुकीच्या हाती गेलेली फाइल

शेवटी तो प्रसंग, ज्यासाठी एवढ्या सूचना लिहिल्या जातात. पेढीतील मुलगा ग्राहकनिहाय उधारी आणि सवलतीच्या दरांची यादी लेखापालाला पाठवतो. नावाची पहिली दोन अक्षरे टाइप करताच संगणक पत्ता सुचवतो, आणि त्याच नावाच्या एका ग्राहकाकडे यादी जाते. तो ग्राहक आधी जोडलेली फाइल उघडतो. शेजारच्या व्यापाऱ्याला किलोमागे किती सवलत मिळते ते त्याला कळते. त्यानंतर, कधीतरी, तळाची सूचना दिसते. या क्षणी दीडशे शब्दही त्याने पाहिलेले आकडे परत घेऊ शकत नाहीत.

येथे उपयोगी पडतात त्या गोष्टी तळसूचनेच्या बाहेरच्या आहेत. एक्सेलमध्ये File, Info, Protect Workbook, Encrypt with Password या मार्गाने फाइलला पासवर्ड लावता येतो. तो पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा. जीमेलमध्ये Undo Send ची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. पत्ता चुकल्याचे बहुधा 'पाठवा' दाबल्याबरोबर लक्षात येते, म्हणून ही अर्ध्या मिनिटाची सवड मोलाची आहे. आणि इतके करूनही फाइल गेलीच, तर लगेच फोन करावा, फाइल न उघडता काढून टाकण्याची विनंती करावी, तीच विनंती ई-मेलने लेखी पाठवावी आणि लेखी होकार मागवावा. कोणती माहिती, कोणत्या अटीवर परत मागितली, हे त्या पत्रातून स्पष्ट होते. मेगॅरी यांच्या दुसऱ्या कसोटीला छापील परिच्छेदापेक्षा हे एक पत्र अधिक उपयोगी पडेल.

यादीत कर्मचाऱ्यांचे पगार, आधार किंवा बँक खात्यांचे क्रमांक असतील तर जबाबदारी आणखी वाढते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात माहिती जपण्याचा भार ती बाळगणाऱ्यावर ठेवला आहे. 'चुकून आल्यास काढून टाकावे' असे लिहून तो भार पाहुण्याच्या गळ्यात टाकता येत नाही.

खरोखर मोलाची माहिती, उदाहरणार्थ नव्या मसाल्याचे प्रमाण किंवा पेढी विकत घेऊ पाहणाऱ्याला दाखवायचे ताळेबंद, द्यायची असेल तर आधी गोपनीयतेचा छोटा करार करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मग ई-मेलच्या विषयात 'गोपनीय' असा शब्द आणि पहिल्या ओळीत 'आपल्यातील अमुक तारखेच्या करारानुसार, फक्त आपल्या परीक्षणासाठी' एवढे लिहावे. या ओळीच्या पाठीशी सही असते, म्हणून ती बोलते. अशा मोठ्या व्यवहारात मसुदा वकिलाकडून तपासून घेणे इष्टच.

एकदा लावलेली सूचना कायमची नसते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील 'सर्क्युलर २३०' या करसल्लागारांसाठीच्या नियमावलीत २००५ पासून लागू झालेल्या तरतुदींमुळे, 'हा सल्ला करविषयक दंड टाळण्यासाठी वापरता येणार नाही' अशा अर्थाचा परिच्छेद सल्लागार जवळजवळ प्रत्येक ई-मेलखाली लावू लागले. २०१४ मध्ये ते नियमच बदलले आणि त्या परिच्छेदाची गरज उरली नाही, असे करखात्यानेच स्पष्ट केले. म्हणून पाडव्याला नव्या वह्या घालताना पेढीच्या ई-मेलची तळसूचनाही एकदा उघडून वाचावी. पत्ता आणि क्रमांक बरोबर आहेत ना, हे पाहावे. आणि ज्या वाक्याचे काम पेढीतील कोणालाच सांगता येत नाही, ते काढून टाकावे.